गुंतवळ काय सांगते

प्रस्तावना

केस विंचरून झाले की कंगव्यात अडकलेली गुंतवळ बोटाला गुंडाळायची आणि भिंतीच्या फटीत नाहीतर खिडकीच्या कोपऱ्यात खोचून ठेवायची, ही सातारा-सांगलीकडच्या घरांतली जुनी सवय. केसांवर भांडी देणारी बाई दारात आली की साठवलेली गुंतवळ तिच्या तराजूत पडायची आणि बदल्यात सुया, पिना, फार झालं तर स्टीलची एखादी वाटी मिळायची. अजूनही खेडोपाडी हा व्यवहार चालतो. ती बाई गुंतवळ हातात घेऊन ताणून बघते, लांबी बघते, आणि आखूड तुकडेच जास्त असतील तर भाव पाडते. तिच्या नजरेला जे चटकन दिसतं, ते केसांच्या मालकिणीला वर्षानुवर्षं दिसत नाही. सगळेच केस गळलेले नसतात. पुष्कळसे तुटलेले असतात.

ही पुस्तिका कंगव्याविषयी आणि ब्रशविषयी आहे. कुरळ्या, लहरी आणि विरळ होत चाललेल्या केसांना मोठ्या दातांचा कंगवा लावावा की ब्रिसल ब्रश, या प्रश्नाभोवती लेखिकेने सगळी मांडणी केली आहे. त्या स्वतः पार्लर चालवतात, मुलींना शिकवतात, आणि रोज दोन्ही साधनं त्यांच्या हातात असतात. मी त्वचारोगांची डॉक्टर. माझ्याकडे येणाऱ्या बायका या प्रश्नाच्या दुसऱ्या टोकाला असतात. नुकसान झालेलं असतं आणि ते कशामुळे झालं, हे शोधायचं असतं. म्हणून लेखिका जिथून सुरुवात करतात, त्याच्या एक पायरी आधीचं मला इथं लिहायचं आहे. आपली गुंतवळ वाचता आली, तरच कंगवा की ब्रश या प्रश्नाचं उत्तर आपल्या डोक्यापुरतं खरं ठरतं.

गुंतवळ वाचायची ती न्हाण्याच्या दिवसाची. विंचरताना निघालेले केस पांढऱ्या कागदावर पसरायचे, उजेडात, आणि एकेक केस सुटा करायचा. वाचायला जवळचा चष्मा लागत असेल तर तो लावायचा. प्रत्येक केसाची दोन्ही टोकं बघायची. एका टोकाला खसखशीहूनही बारीक असा पांढरा ठिपका दिसला, तर तो केस मुळापासून सुटून आला आहे. त्याचं आयुष्य संपलं होतं. कंगवा फिरला नसता तरी तो उशीवर नाहीतर मोरीत सापडलाच असता. असे 50 ते 100 केस रोज जाणं हे निरोगी डोक्याचं लक्षण आहे, कारण डोक्यावर साधारण लाखभर केस असतात आणि त्यांची आळीपाळीने बदली चालू असते. दुसऱ्या जातीचा केस आखूड असतो, ठिपका कुठल्याच टोकाला नसतो, आणि एक टोक बोथट किंवा चिरफाळलेलं असतं. हा तुटलेला. तिसरी जात ओळखायला थोडा सराव लागतो. केस आखूड, पण ठिपका आहे, आणि तो बाकीच्या केसांहून पातळ आहे, दुसऱ्या टोकाला निमुळता होत गेलेला आहे. हा तुटलेला नाही. तो मुळातच बारीक आणि आखूड उगवला आणि लवकर गळला. अशा केसांची संख्या वाढत जाणं ही विरळ होण्याची खूण.

या तीन जातींचं प्रमाण दोन-तीन न्हाण्यांनंतर नजरेत बसतं. दुसरी जात जास्त असेल, तर दोष साधनाचा, हाताचा किंवा केसांवर झालेल्या रसायनांचा. त्यावर या पुस्तिकेत उपाय आहेत. पहिली किंवा तिसरी जात जास्त असेल, तर कंगवा कितीही बदलला तरी मूळ कारणाला हात लागत नाही. बाळंतपणानंतर किंवा मोठ्या तापानंतर दोन-तीन महिन्यांनी पहिल्या जातीचे केस ओंजळीने येतात आणि पुढे काही महिन्यांत आपोआप थांबतात. अंगात रक्त कमी असेल, तर हिमोग्लोबिन आणि लोह तपासून घ्यावं लागतं. तिथं पार्लर आणि दवाखाना यांच्यातली रेघ लेखिकेने स्पष्ट आखली आहे, याचा मला विशेष आनंद आहे.

भांगाजवळ आणि कपाळाच्या कडेला उभे राहणारे आखूड केस बघूनही हाच निवाडा करता येतो. 'सगळे केस तुटलेत बघा' म्हणून बायका ते दाखवतात. बोटाच्या चिमटीत धरून टोक बघावं. टोक निमुळतं असेल, तर तो नवा उगवणारा केस आहे, त्याला वाढू द्यायचं. टोक बोथट असेल, तर तो तुटलेलाच. आणि कडेच्या बोथट केसांसोबत कपाळ मागे सरकल्यासारखं दिसत असेल, तर आधी रोजचा घट्ट अंबाडा किंवा करकचून घातलेली वेणी सैल करायची. मुळाशी सतत ताण राहिला, तर तिथला केस कालांतराने उगवायचाच थांबतो.

आता कुरळ्या केसांकडे वळते, कारण तुटण्याची गोष्ट तिथंच सगळ्यात ठळक दिसते.

आटपाडीकडची, कॉलेजात शिकणारी एक मुलगी आईला घेऊन आली होती. केस दाट, कुरळे, खांद्याच्या जरा खाली. तक्रार गळण्याची नव्हतीच. "मॅडम, वाढतच नाहीत. तीन वर्षं झाली, इथंच अडकल्यात." केस महिन्याला साधारण एक सेंटिमीटर वाढतो. म्हणजे तीन वर्षांत तिच्या प्रत्येक केसाला मुळाशी सुमारे 36 सेंटिमीटरची भर पडली होती. तरीही लांबी तीच राहिली, याचा अर्थ जेवढं वर उगवत होतं तेवढंच खाली तुटून जात होतं. तिची गुंतवळ कागदावर पसरली, तेव्हा निम्म्याहून जास्त तुकडे बिनठिपक्याचे निघाले, पेराएवढ्या लांबीपासून वीतभर लांबीपर्यंतचे.

तिची रोजची रीत अशी होती. आठवड्यातून दोनदा बोअरच्या पाण्याने न्हाणं. सकाळी कॉलेजच्या घाईत कोरड्या केसांतून दाट तारांचा गोल ब्रश डोक्यापासून खाली ओढणं. केस फुलारले की त्यावर पाण्याचा हात फिरवून पुन्हा ब्रश. आई म्हणाली, "रोज शंभर वेळा ब्रश मारला की केस वाढतात, असं मोबाईलवर दाखवतात की." शंभर वेळा ब्रश मारण्याचा हा सल्ला फार जुना आहे आणि चुकीचा आहे. अमेरिकेतल्या त्वचारोगतज्ज्ञांची संघटनाही तो पाळू नका म्हणून सांगते, कारण त्याने केस घासले जाऊन टोकं दुभंगतात.

हे का होतं, ते समजायला केसाची बाहेरची कातडी डोळ्यांसमोर आणावी लागते. केसावर अतिशय पातळ खवल्यांचे थर असतात, एकावर एक चढलेले, सगळ्यांची तोंडं टोकाच्या दिशेने. मुळाकडून टोकाकडे बोट फिरवलं की केस गुळगुळीत लागतो, उलट फिरवलं की खरखरीत. मुळाजवळ हे थर बरेच असतात. घासत घासत टोकापर्यंत ते कमी होतात, कारण टोक हा केसाचा सर्वांत जुना भाग आहे. कंबरेपर्यंतच्या केसांचं टोक पाच-सहा वर्षांपूर्वी डोक्यातून बाहेर आलेलं असतं. सरळ केसाचा आडवा छेद साधारण गोल असतो, कुरळ्या केसाचा चपटा. शिवाय कुरळा केस जागोजागी पिळलेला असतो, आणि प्रत्येक पिळाशी तो कमजोर पडतो. डोक्यातलं नैसर्गिक तेल सरळ केसावरून खाली उतरतं. कुरळ्या केसाच्या वळणांवर ते वरच अडतं, आणि टोकं कोरडी राहतात.

त्यात गुंता. क्लॅरेन्स रॉबिन्स या अमेरिकी केसशास्त्रज्ञाने 2006 च्या सुमारास विंचरताना केस नेमका कसा तुटतो, याचा बारकाईने अभ्यास केला. एक केस दुसऱ्यावरून वळसा घेऊन गेलेला असतो. कंगव्याचा दात वेगाने येऊन त्या वळशावर आदळतो, आणि सगळा झटका एकाच जागी, एकाच क्षणात बसतो. सावकाश ओढला असता तर जो केस तग धरून राहिला असता, तो झटक्याने तुटतो. कुरळ्या केसांत असे वळसे पावलोपावली असतात. त्यामुळे किती जोराने ओढलं यापेक्षा किती अचानक ओढलं, हे जास्त महत्त्वाचं ठरतं.

इथं कंगवा आणि ब्रश यांच्यातला खरा फरक आहे. मोठ्या दातांच्या कंगव्यात दातांची एकच ओळ असते आणि दोन दातांत भरपूर जागा. केस त्या जागांतून झुपक्यांनी जातात, आपलं वळण न मोडता. गाठ आली की कंगवा थांबतो आणि ते हाताला लगेच कळतं. ब्रशमध्ये ओळीमागून ओळी असतात. तोच केस एका फिरवणीत पाच-सात ओळींतून वाकतो, घासतो, पुन्हा वाकतो. ब्रिसल दाट असले तर ब्रश गाठीच्या वरून घसरत जातो, गाठ आत तशीच राहते. कडक असले तर लांब मुठीच्या जोरावर तो गाठीतून आरपार निघतो, आणि किती जोर लागला ते मनगटाला समजतही नाही. कुरळ्या केसांचे झुपके ब्रशने फोडले की केस फुलारतात, आणि फुलारलेले केस पुन्हा एकमेकांत अडकतात. त्या मुलीच्या डोक्यावर हेच चक्र रोज चालू होतं.

बोअरच्या पाण्याचाही त्यात वाटा होता. आटपाडी, जत, माण, खटाव या दुष्काळी पट्ट्यात पुष्कळ ठिकाणी बोअरचं पाणी जड असतं, साबणाला फेस धरत नाही. त्यातले क्षार केसावर बसतात, केस खरखरीत होतो आणि कंगवा फिरवताना घर्षण वाढतं. शेवटचा तांब्या पावसाच्या किंवा नळाच्या साठवलेल्या पाण्याचा घेता आला, तर फरक हाताला जाणवतो.

तिला जे करायला सांगितलं, ते लेखिकेच्या तिसऱ्या प्रकरणात पायरीपायरीने आलं आहे. मी फक्त कणा सांगते. न्हाण्याच्या आदल्या रात्री दोन लहान चमचे खोबरेल, तेही टाळूपेक्षा लांबीला आणि टोकांना जास्त. मुंबईच्या मॅरिको कंपनीतले संशोधक रेळे आणि मोहिले यांनी 2003 मध्ये खोबरेल, सूर्यफूल तेल आणि खनिज तेल यांची तुलना प्रसिद्ध केली. न्हाण्याआधी किंवा नंतर लावलं असता केसातल्या प्रथिनांची झीज कमी करण्यात तिन्हींपैकी खोबरेलच सरस ठरलं, कारण त्यातलं मुख्य स्निग्धाम्ल लहान आणि सरळ साखळीचं असल्यामुळे केसाच्या आत शिरतं. कंपनीचा धंदा तेलाचा आहे हे लक्षात ठेवूनही तो निष्कर्ष मला पटतो.

मग न्हाणं. शाम्पू टाळूला. त्यानंतर कानाच्या खालच्या सगळ्या केसांना सढळ हाताने कंडिशनर. कंडिशनर डोक्यावर असतानाच केसांचे चार भाग करायचे आणि एकेक भाग घ्यायचा. आधी बोटांनी मोठ्या गाठी सैल करायच्या. मग मोठ्या दातांचा कंगवा टोकाकडच्या दोन-तीन इंचांत. गाठीच्या वर दुसऱ्या हाताची मूठ घट्ट धरायची, म्हणजे ओढ मुळापर्यंत पोहोचत नाही. ते मोकळं झालं की आणखी दोन इंच वर. असं करत टाळूपर्यंत यायचं, आणि मग केस धुवायचे. नंतर पंचाने केस झटकायचे नाहीत. ओल्या केसांवर पंचाचे सपकारे मारून पाणी उडवायची आपल्याकडे सर्रास सवय आहे, आणि ती केसांना फार महागात पडते. जुन्या सुती लुगड्याच्या तुकड्यात केस दाबून पाणी टिपायचं. वाळेपर्यंत कंगवा नाही, आणि पुढच्या न्हाण्यापर्यंत कोरड्या केसांतून ब्रश नाही.

ओला केस कमजोर असतो, मग ओला असताना विंचरायचं कसं, असं पुष्कळजणी विचारतात. शंका रास्त आहे. पाण्याने केसातले काही बंध सुटतात, केस जास्त ताणला जातो आणि ताण फार झाला तर मूळ लांबीवर परत येत नाही. म्हणून सरळ केसवालीने न्हाल्याबरोबर विंचरू नये, केस अर्धेअधिक वाळू द्यावेत. कुरळ्या केसांचा हिशेब उलटा निघतो. कोरडे असताना त्यांच्यातला गुंता आणि घर्षण एवढं असतं, की ओलेपणाने आलेल्या कमजोरीपेक्षा त्याचं नुकसान मोठं. कंडिशनर घर्षण मारतं, पाणी वळणं सैल करतं, आणि कंगवा कमी ओढीने उतरतो. घरात एक बहीण सरळ केसांची आणि एक कुरळ्या केसांची असेल, तर आईने दोघींना एकच नियम लावू नये.

तीनेक महिन्यांनी आटपाडीच्या त्या मुलीच्या गुंतवळीतले आखूड तुकडे कमी झाले. लांबी दिसायला त्याहून वेळ लागला, कारण आधीची दुभंगलेली टोकं कापावी लागली. फाटलेलं टोक कुठल्याही तेलाने सांधत नाही. ते ठेवलं तर फाट वर चढते.

कंगवा विकत घेताना काय बघायचं? दोन दातांच्या मधे पेन्सिल अलगद मावावी. दातांची टोकं गोल असावीत. स्वस्त प्लास्टिकच्या कंगव्यात दाताच्या दोन्ही अंगांना साच्याची बारीक धार राहते. ती डोळ्यांना दिसत नाही. कापसाचा बोळा दातांतून ओढून बघावा. कापसाचे तंतू दातांना अडकून राहिले, तर तिथं केसही अडकणार आणि खरवडला जाणार. ही परीक्षा लाकडी कंगव्याचीही घ्यावी, कारण नीट न घासलेल्या लाकडाला कुसं असतात. दात मोडलेला कंगवा वापरात ठेवू नये. गादीच्या ब्रशची तारांच्या टोकावरची मण्यासारखी बोंडं गळली असतील, तर उघडी तार टाळूला ओरखडे काढते. तोही टाकून द्यावा. आणि घरातली फणी उवा-लिखांसाठी ठेवावी. गुंता सोडवायला ती कधीच नाही. कंगव्याने केस पूर्ण मोकळे झाले की मगच फणी.

लहरी केसांबद्दल थोडक्यात सांगते, कारण लेखिकेने त्यावर भरपूर लिहिलं आहे. ते दोन्हींच्या मधले. गुंता सोडवायला दमट केसांत मोठ्या दातांचा कंगवाच. पण गुंता पूर्ण निघाल्यावर, कोरड्या केसांवरून मऊ ब्रिसल ब्रश हलक्या हाताने वरवर फिरवला, तर टाळूजवळचं तेल थोडं खाली उतरतं आणि केस बसतात. डुकराच्या केसांच्या ब्रशची ख्याती याच कामासाठी आहे. चकाकी आणणं आणि बसवणं हे त्याचं काम. गुंता सोडवायला तो घेतला, की बिघडलं.

विरळ केसांच्या बाबतीत भीती हाच मोठा अडथळा असतो. कराडकडच्या एक मावशी, साठीच्या पुढच्या, रुमालात पुडी बांधून आल्या. "बाई, मुठीएवढी निघती हो. म्हणून मी आता विंचरायचंच बंद केलंय. आठ दिसांनी एकदा." हिशेब मांडून बघू. रोज 80 केस जायचे असतील, तर आठ दिवसांत ते 640 होतात. रोज विंचरलं असतं तर ते थोडे थोडे निघून गेले असते. न विंचरल्यामुळे सुटलेले केस बाकीच्यांत अडकून राहिले, त्यांच्याभोवती गाठी बसल्या, आणि आठव्या दिवशी त्या गाठी ओढताना चांगले केसही तुटले. म्हणून मूठ भरली. आणि ती मूठ बघून पुढच्या वेळी आणखी उशीर झाला.

त्यांच्या पुडीत तिन्ही जाती होत्या. ठिपक्याचे लांब केस होते, पातळ निमुळतेही होते, म्हणजे वयाबरोबर येणारं विरळपण होतंच. पण बिनठिपक्याचे तुकडेही बरेच होते, आणि तेवढं नुकसान टाळता येण्याजोगं होतं. त्यांना रोज एकदा, मोठ्या दातांच्या कंगव्याने, टोकाकडून वर जात विंचरायला सांगितलं. विरळपणाची तपासणी आणि औषध वेगळं. त्यांची सून म्हणत होती की ब्रशने टाळूला मालिश केली तर रक्त खेळेल आणि केस परत येतील. रक्त खेळवून केस उगवल्याचं मी पाहिलेलं नाही. बारीक झालेल्या केसांवर कडक ब्रश घासला तर उरलेले तुटतात आणि टाळू आणखी उघडी दिसते, हे मात्र पुष्कळदा पाहिलं आहे. विरळ केस फुगीर दिसावेत म्हणून पार्लरमध्ये उलट विंचरून ते उभे करतात. मुळाकडे उलट फिरणारा प्रत्येक फटका खवल्यांची तोंडं उचकटतो. लग्नाच्या दिवशी एकदा ठीक, पण रोज नाही. मऊ ब्रश वरून फिरवून केस बसवायला हरकत नाही. चकत्या पडल्या असतील, टाळू लाल किंवा गुळगुळीत झाली असेल, तर कंगवा-ब्रशचा विचार बाजूला ठेवून दवाखाना गाठावा.

खवल्यांच्या दिशेचं महत्त्व केसांच्या धंद्याला आपल्याआधी कळलं आहे. गुंतवळीतल्या केसांची मुळं आणि टोकं उलटसुलट झालेली असतात. खवले एकमेकांत अडकतात आणि असा केस गुंततच राहतो. कर्नाटकात कोप्पळजवळच्या भाग्यनगरात असे केस सोडवून, विंचरून, लांबीप्रमाणे लावण्याचा मोठा व्यवसाय आहे. पुढे टोपासाठी वापरताना हे खवलेच रसायनाने काढून टाकतात आणि वरून सिलिकॉनचा मुलामा देतात, तेव्हा कुठे गुंतणं थांबतं. डोक्यावरच्या जिवंत केसांच्या बाबतीत हा मार्ग नाही.

आता एका विषयाबद्दल लिहिते, जो अशा पुस्तिकेत सहसा येत नाही आणि लेखिकेने धीराने घेतला आहे. तो म्हणजे जट.

न विंचरलेल्या केसांचा गुंता आवळत जाऊन त्याचा दोरखंड होतो, त्याला आपण जट म्हणतो. सुरुवात बहुधा मानेवर होते. तिथं केस उशीला घासतात, घाम साचतो, आणि अंबाड्याखाली हात पोहोचत नाही. बाळंतीण, टायफॉइडने अंथरुणाला खिळलेली, नैराश्यात गेलेली बाई महिना-दोन महिने विंचरत नाही. केस कुरळे असतील तर त्याहूनही कमी काळ पुरतो. ऊसतोडीच्या हंगामात फडात राबणाऱ्या बायकांच्या डोक्यात पाचटाची कुसळं आणि धूळ बसते, पाण्याची सोय नसते, आणि तिथंही गाठी धरतात. इथपर्यंत ती साधी गाठ असते, तेल आणि कंगव्याने सुटणारी. पण सांगली, सातारा, कोल्हापूर आणि सीमाभागात पुष्कळ घरांत ती सौंदत्तीच्या यल्लम्माची खूण समजली जाते. मग तिला कंगवा लावत नाहीत. हळद-कुंकू, भंडारा, तेल वाहतात, आणि त्या चिकटपणाने गाठ आणखी घट्ट होते. पूर्वी अशी जट आलेल्या मुलींना देवीला सोडलं जाई. मुंबई इलाख्यात 1934 मध्ये, कर्नाटकात 1982 मध्ये आणि महाराष्ट्रात 2005 मध्ये देवदासी प्रथेविरुद्ध कायदे झाले. जटेची भीती मात्र कायद्याने गेली नाही.

ती घालवण्याचं काम महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समितीने केलं आणि आजही करते. 1989 मध्ये ही समिती स्थापन करणारे डॉ. नरेंद्र दाभोलकर साताऱ्याचे. स्वतः डॉक्टर. 20 ऑगस्ट 2013 रोजी पुण्यात त्यांची हत्या झाली. समितीच्या कार्यकर्त्या जट काढण्याआधी बाईशी आणि घरच्यांशी बोलतात, कधी पुन्हा पुन्हा जातात, आणि संमती मिळाल्यावरच कात्री लावतात. जट काढल्यावर खाली काय निघतं, ते मी पाहिलं आहे: उवा, पू झालेल्या जखमा, ओलसर सडका वास. किलोभराचं ओझं ओढून दुखणारी मान त्या दिवशी मोकळी होते. गाठ बसण्याचं कारण खवले, घाम आणि न फिरलेला कंगवा एवढंच आहे, हे त्या बाईला तिच्याच केसांवर दाखवता येतं, आणि तसं ते दाखवलंही पाहिजे.

पार्लरमध्ये शिकणाऱ्या मुलींना माझी विनंती आहे की हे प्रकरण वगळू नका. खुर्चीत बसलेल्या एखाद्या बाईच्या मानेवर सुपारीएवढी गाठ तुमच्याच बोटांना पहिल्यांदा लागेल, आणि ती कुजबुजत म्हणेल, 'तिथं हात लावू नका.' त्या वेळी ती गाठ अजून सुटणारी असते. कोमट खोबरेल गाठीत मुरवायचं, तासभर थांबायचं, भरपूर कंडिशनर लावायचं, आणि मोठ्या दातांच्या कंगव्याच्या टोकाच्या एकाच दाताने बाहेरच्या कडेकडून दोन-चार केस सोडवत आत जायचं. मधोमध कंगवा घुसवायचा नाही. ब्रश तर अजिबात नाही, तो वरचे सुटे केस गाठीत आणखी कोंबतो. तास-दीड तास लागेल. गाठ दगडासारखी कडक झाली असेल आणि तेल आत शिरतच नसेल, तर बाईच्या संमतीने कात्री घ्यायची, पण आडवी नाही. केसांच्या लांबीच्या दिशेने उभे छेद देऊन गाठीच्या पट्ट्या करायच्या आणि एकेक पट्टी पुन्हा टोकाकडून सोडवायची. अशाने पुष्कळशी लांबी वाचते, आणि घरी गेल्यावर तिला कोणाला उत्तर द्यावं लागत नाही. खालच्या कातडीवर जखम किंवा पू दिसला, तर तिथंच थांबून तिला दवाखान्यात पाठवायचं, आणि त्या दिवशी वापरलेला कंगवा गरम साबणपाण्यात धुऊन, वाळवूनच पुढच्या डोक्याला लावायचा.